रात्रीचं पिण्याचं पाणी: तांब्याच्या भांड्यात भरावं की स्टीलच्या बाटलीत?

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या बाजूला, गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आढळला आणि सगळ्यांचं लक्ष नळाच्या पाण्याकडे गेलं. पाणी उकळून प्या, असं प्रशासनाने सांगितलं. त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी माळ्यावरची तांब्याची कळशी खाली काढली, चिंचेने लखलखीत घासली आणि मला विचारलं, “आता यात भरून ठेवलं की उकळायला नको ना?” त्यांच्या मुलीचं म्हणणं उलट होतं. तांबं पोटात जाऊन विष होतं, सगळं स्टीलमध्येच भरा, असा तिचा आग्रह होता.

दोघींच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण दोघींनी भांड्याकडून जे काम अपेक्षिलं ते भांडं करत नाही. भांडं पाण्याला काय देतं आणि पाणी भांड्याचं काय करतं, एवढं समजलं की कुठलं भांडं कशासाठी वापरायचं ते आपोआप ठरतं.

## तांबं पाण्यात उतरतं म्हणजे काय होतं

तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवलं की धातूचा अगदी बारीक अंश पाण्यात विरघळतो. हे अंश विद्युतभारित कणांच्या रूपात असतात, त्यांना आयन म्हणतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि थोड्या प्रमाणात असताना चवीलाही कळत नाहीत. जिवाणूच्या अंगाभोवती जे पातळ आवरण असतं त्याला हे आयन इजा करतात, आत शिरून त्याची महत्त्वाची प्रथिनं निकामी करतात, आणि जिवाणू मरतो किंवा निदान वाढेनासा होतो.

याला चहाच्या पत्तीची उपमा चपखल बसते. पत्ती जितका वेळ पाण्यात, तितका चहा कडक. पाणी गरम असेल तर लवकर उतरतो. पत्ती तेवढीच ठेवून पाणी कमी घेतलं तरी कडक होतो. तांब्याचंही तसंच आहे: जास्त वेळ, जास्त उष्णता आणि पाण्याच्या मानाने जास्त धातू, की तांबं जास्त उतरणार. चहाला नसलेली एक चौथी गोष्ट इथे आहे, ती म्हणजे आंबटपणा. आंबट पाणी तांब्याला भराभर खातं.

तांब्याचा गुण आणि दोष वेगवेगळे नाहीत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. जे आयन जिवाणू मारतात तेच जास्त झाले की आपल्या पोटाला त्रास देतात. त्यामुळे ‘तांबं चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘किती उतरलं’ या प्रश्नाला मात्र आहे, आणि ते मोजताही येतं.

## सोळा तासांचा प्रयोग

बंगळुरूच्या संशोधकांनी कोलकात्याच्या जिवाणूतज्ज्ञांसोबत हे मोजलं. त्यांचा निबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जमिनीतून काढलेलं साधं पिण्याचं पाणी घेतलं आणि त्यात मुद्दाम जिवाणू मिसळले: कॉलराचे, आमांशाचे, विषमज्वराचे आणि जुलाब घडवणारे ई-कोलाय. प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारण ५०० जिवाणू, म्हणजे एका चमचाभर पाण्यात अडीच हजार. हे पाणी तांब्याच्या भांड्यात खोलीच्या तापमानाला १६ तास ठेवलं. नंतर तपासलं तेव्हा एकही जिवाणू वाढवून दाखवता आला नाही. अर्धमेल्या जिवाणूंना पोषण देऊन पुन्हा उभं करायची एक पद्धत असते, तीही करून पाहिली, तरी काही उगवलं नाही.

त्या पाण्यात तांबं किती उतरलं होतं? लिटरमागे सरासरी ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास. एवढंसं तांबं एवढ्या जिवाणूंना पुरलं.

आपल्याकडे या प्रयोगाचा हवाला नेहमी दिला जातो, पण त्यातले तीन तपशील सहसा गाळले जातात. पहिला तपशील वेळेचा. १६ तास म्हणजे संध्याकाळी सहाला भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. रात्री अकराला भरून सकाळी सहाला प्यायलं तर सातच तास होतात. तेवढ्या वेळात जिवाणू कमी होतीलही, पण ‘एकही उरला नाही’ हा निष्कर्ष त्या सात तासांना लावता येत नाही.

दुसरा तपशील पाण्याचा. प्रयोगातलं पाणी स्वच्छ होतं आणि किंचित अल्कलीकडे झुकणारं होतं. पावसाळ्यात गढूळ झालेल्या विहिरीचं पाणी निराळं असतं. त्यातला चिखल आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे अंश तांब्याच्या आयनांना धरून ठेवतात, मग जिवाणूंसाठी मोकळे आयन कमी उरतात. म्हणजे पाणी जितकं घाण, तितकं तांबं दुबळं.

तिसरा तपशील असा की प्रयोग जिवाणूंवर होता. काविळीचे विषाणू, जिआर्डियासारखे पोटातले परजीवी, बोअरवेलच्या पाण्यातला फ्लोराइड, शेतातून झिरपलेलं नायट्रेट, कीटकनाशकं, यांतलं काहीही रात्रभराच्या तांब्याने निघून जातं असं मानायला आधार नाही. विरघळलेले क्षार तर कुठलंच भांडं काढू शकत नाही.

म्हणून काकूंच्या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. उकळायलाच हवं. पाण्याला खळखळून उकळी आली की जिवाणू, विषाणू आणि परजीवी तिघेही संपतात, आणि त्याला सोळा तास लागत नाहीत.

## मग उकळलेलं पाणी तांब्यात ठेवून फायदा काय?

थोडा फायदा आहे. उकळलेलं पाणी त्या क्षणी निर्जंतुक असतं, पण पुढे त्याला कसलंच संरक्षण नसतं. नळाच्या पाण्यात पालिका मुद्दाम थोडा क्लोरीन शिल्लक ठेवते, तो वाटेतल्या जंतूंचा बंदोबस्त करतो. उकळताना तोही उडून जातो. मग कुणी न धुतलेल्या हाताने फुलपात्र आत बुडवलं की जंतू परत येतात. पाणी स्टीलच्या पिंपात असेल तर ते तिथे निवांत राहू शकतात. तांब्याच्या कळशीत असेल तर तासागणिक कमी होत जातात.

पण इथेही वेळ मध्ये येते. सकाळी सातला हात बुडाला आणि सात वाजून पाच मिनिटांनी त्याच कळशीतलं पाणी बाळाला पाजलं, तर तांब्याला काम करायला पाचच मिनिटं मिळाली. लांब दांड्याचं ओगराळं किंवा खाली तोटी असलेलं भांडं हे या बाबतीत धातूपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण ते हात आत जाऊच देत नाही.

आणखी एक: उकळलेलं पाणी पूर्ण गार करूनच तांब्यात ओता. गरम ओतलं तर तांबं नाहक जास्त उतरतं.

## पण मग सुरक्षित किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं. आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, दोन आकडे देतं. ०.०५ मिलिग्रॅम ही ‘स्वीकार्य’ मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत ‘अनुज्ञेय’.

कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा वाचक इथे लगेच हरकत घेईल: प्रयोगातलं ०.१८ हे भारताच्या स्वीकार्य मर्यादेच्या साडेतीन पट झालं की! बरोबर आहे. म्हणूनच ही मर्यादा कशासाठी घातली आहे ते पाहायला हवं. या मानकाच्या १९९१च्या आवृत्तीत तिचं कारण दिलं होतं: त्यापलीकडे पाण्याला तुरट चव येते, रंग बदलतो, नळ आणि भांडी खराब होतात. म्हणजे हा आकडा चवीचा आणि नळांचा आहे, विषबाधेचा नाही. आरोग्याच्या दृष्टीने बघायचे आकडे म्हणजे १.५ आणि २.

आता मोठ्या माणसाचा हिशोब करू. रात्री भरून ठेवलेलं दोन लिटर पाणी दिवसभरात प्यायलं आणि त्यात लिटरमागे ०.१८ मिलिग्रॅम तांबं असेल, तर पोटात गेलं सुमारे ०.३६ मिलिग्रॅम. शरीराला रोज एक-दोन मिलिग्रॅम तांबं लागतंच. ते डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू यांतून बहुतेकांना मिळतं. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. त्यामुळे धडधाकट माणसाला या मात्रेची भीती बाळगायचं कारण नाही. आणि ‘तांब्याची कमतरता भरून निघते’ म्हणून हे पाणी प्यायचंही कारण नाही, कारण चौरस जेवणाऱ्याला ती कमतरता क्वचितच असते.

मात्रा बरीच वाढली की शरीर लगेच सांगतं. पाणी कडवट, धातूसारखं लागतं, मळमळतं, उलटी होते, पोटात कळ येते. सकाळी अनशापोटी ताम्रजल प्यायल्यावर मळमळत असेल तर ‘शरीर शुद्ध होतंय’ अशी समजूत करून घेऊ नका. ते पाणी टाकून द्या आणि भांडं तपासा.

## पुण्यातली बाळं आणि पितळेतलं दूध

मोठ्यांचं यकृत जास्तीचं तांबं बाहेर टाकतं, असं वर म्हटलं. तान्ह्या बाळाचं यकृत ते तितकं टाकू शकत नाही. याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे, आणि तांब्या-पितळेबद्दल बोलताना हा इतिहास गाळणं मला योग्य वाटत नाही.

साधारण सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक लागायचं, कावीळ व्हायची, आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरात एकापाठोपाठ दोन मुलं गेल्याची उदाहरणं होती. जगभरच्या पुस्तकांत या आजाराला नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ असं पडलं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून या मुलांचा पाठपुरावा केला. मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं दिसलं, निरोगी यकृताच्या कितीतरी पट. ते आलं कुठून, याचा माग काढता काढता ते स्वयंपाकघरात पोहोचले. या बाळांना आईच्या दुधाऐवजी, किंवा त्यासोबत, फार लवकर गाई-म्हशीचं दूध सुरू केलेलं असे, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं असे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. १९८३मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

दूधच का? कारण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला स्पंजासारखं शोषून घेतं. त्याच भांड्यातलं साधं पाणी इतकं तांबं उचलत नाही. त्यात दूध तापवलेलं, तासन्तास त्याच भांड्यात ठेवलेलं, आणि बाळाचं सगळं अन्न तेच. सगळ्या वाईट गोष्टी एकत्र आल्या होत्या. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही बाळांना अगदी असाच आजार होत असे. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवत. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. आपल्याकडेही घराघरांत स्टील आलं, लोकांना कारण कळलं, आणि आजचे बरेचसे तरुण बालरोगतज्ज्ञ हा आजार फक्त पुस्तकात वाचतात. काही मुलांच्या यकृताची आनुवंशिक ठेवण नाजूक असावी असंही तज्ज्ञ मानतात, कारण तशाच भांड्यातलं दूध प्यायलेली सगळी मुलं आजारी पडली नाहीत. पण कुठलं मूल तसं आहे हे आधी कळत नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे: तान्ह्या बाळाचं दूध, बाळासाठी पावडरचं दूध कालवायचं पाणी, नाचणीसत्त्व, यांतलं काहीही तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यातून नको. एखाद्या घोटाने काही होत नाही हे मला माहीत आहे. पण बाळाला त्यातून मिळणारा फायदा शून्य आहे, तेव्हा तो घोट तरी कशाला?

विल्सन्स डिसीज नावाचा आनुवंशिक आजार असलेल्यांच्या शरीरातून तांबं बाहेरच पडत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठत जातं. ज्या घरात हे निदान झालं आहे तिथल्या रुग्णाने, आणि तपासणी होईपर्यंत त्याच्या सख्ख्या भावंडांनीही, तांब्यातलं पाणी पिऊ नये.

## “आमच्या आजीने आयुष्यभर तांब्यातलंच पाणी प्यायलं”

खरंच प्यायलं असणार, आणि ठणठणीत राहिली असणार. पण ती काय करत होती ते नीट आठवून पाहा. घंगाळं आणि बंब अंघोळीच्या पाण्याचे होते. पिण्याचं पाणी रोज पहाटे आडावरून किंवा नदीवरून येई, आदल्या दिवशीचं शिळं पाणी झाडांना जाई, आणि हंडा-कळशी रोज राखेने नाहीतर चिंचेने घासली जाई. म्हणजे पाणी एका दिवसापेक्षा जास्त तांब्यात राहतच नसे.

आमटी, ताक, कढी यांसाठी त्याच घरात कल्हईची भांडी असत. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर. कल्हईवाला गल्लीत येई, भाता लावी, नवसागर टाकून भांडं पुसून काढी आणि आत कथील फिरवी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं तर ते ‘कळकलं’ असं म्हणून टाकून देत. आंबट पदार्थात तांबं उतरून तो बाधतो, ही गोष्ट मराठीने एका क्रियापदात साठवून ठेवली आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच चार ओळींत लिहिलेलं असतं.

आज गडबड होते ती इथे. आजीची कळशी राहिली आणि तिचा रोजचा नियम सुटला. वर बाटलीत लिंबू पिळणं आलं, जिरं-पुदिना आला, कोकम आलं. लिंबूपाणी तांब्याच्या बाटलीत भरून ऑफिसला नेणं म्हणजे जाणूनबुजून कळकवून पिणं आहे.

## आरओचं पाणी आणि बारीक बाटली

आजीच्या काळात नसलेल्या दोन गोष्टी आज घरोघरी आहेत.

पहिली म्हणजे आरओ, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणारं यंत्र. त्यातून येणारं पाणी मऊ असतं आणि बहुतेक वेळा किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार तांब्यावर हळूहळू एक थर धरतात, त्याने धातू काहीसा झाकला जातो. आरओच्या पाण्यात तो थर धरायला क्षारच नसतात, आणि वरून आम्लता असते. प्रयोगातलं ०.१८ हे जमिनीतल्या, अल्कलीकडे झुकलेल्या पाण्याचं होतं. आरओच्या पाण्याला तोच आकडा लावून निर्धास्त राहू नका. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांना माझा सल्ला साधा आहे: तुमच्या पाण्यातले जंतू यंत्राने आधीच अडवले आहेत, ते पाणी स्टीलमध्ये भरा.

दुसरी गोष्ट तांब्याची बाटली. पंधरा लिटरच्या गोल हंड्यात प्रत्येक लिटर पाण्याच्या वाट्याला साधारण २०० चौरस सेंटिमीटर तांबं येतं. एक लिटरच्या उंच, बारीक बाटलीत तेच साडेसहाशेच्या आसपास जातं. म्हणजे पाणी तेवढंच आणि भोवतीचा धातू तिप्पट. पुन्हा चहाची पत्ती आठवा. शिवाय बाटलीचं तोंड अरुंद असतं, हात आत जात नाही, घासणी पोहोचत नाही. आत हिरवं साचलं तरी दिसत नाही. बाटली दुपारी गाडीत तापते आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या पाण्यावरच नवं पाणी भरलं जातं. तांब्यात पाणी ठेवायचंच असेल तर रुंद तोंडाचा तांब्या किंवा कळशी बाटलीपेक्षा नक्की बरी.

## स्टील नेमकं काय करतं

स्टील पाण्याला काही देत नाही आणि पाण्यातून काही घेत नाही. स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेला धातू. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियमचा एक थर पृष्ठभागावर धरतो. तो इतका पातळ असतो की दिसतही नाही, पण खालच्या लोखंडाला गंजू देत नाही. दुधावरच्या सायीसारखं समजा: बोटाने बाजूला केली की थोड्या वेळाने पुन्हा धरते. स्टीलवर चरा पडला तरी हवा लागली की थर पुन्हा तयार होतो.

मिठाने मात्र या थराला भोकं पडतात. मिठाचं पाणी किंवा ब्लीच स्टीलमध्ये दिवसेंदिवस ठेवलं तर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटतात. साध्या पाण्याला ही भीती नाही. बाटलीवर ३०४ लिहिलेलं असेल तर त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि पाण्यासाठी ते उत्तम. स्वस्त भांड्यांत बरेचदा निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०० मालिकेचं स्टील असतं, ते लवकर डागाळतं. चुंबक लावून या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, कारण दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. तांब्याच्या भांड्याला मात्र चुंबक लावून जरूर पाहा. चिकटला तर आत लोखंड किंवा स्टील आहे आणि वर तांब्याचा नुसता मुलामा.

स्टीलचा दोष त्याच्या गुणातच आहे. ते काहीच करत नाही, म्हणजे जंतूंनाही काही करत नाही. पाणी जसं भरलं तसं राहतं, आणि तोंड लावून प्यायलो तर आपल्या लाळेतले जंतू त्यात मिसळून वाढत जातात. आतल्या भिंतीवर बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं ना, तो जिवाणूंनी धरलेला थर असतो. नुसतं पाणी खळबळून तो निघत नाही, ब्रशने घासावाच लागतो. तो सगळ्यात जास्त धरतो झाकणाच्या आट्यांत आणि रबरी कडीखाली. बाटलीला वास येत असेल तर बहुतेक वेळा दोषी स्टील नसतं, ती कडी असते. आठवड्यातून एकदा ती काढून वेगळी धुवा, आणि बाटली झाकण न लावता उपडी ठेवून पूर्ण वाळू द्या. ओलसर, झाकणबंद बाटली रात्रभर ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय.

## घासणं: किती आणि कसं

तांबं काळपट-तपकिरी झालं म्हणजे बिघडलं असं नाही. तो तांब्याचा ऑक्साइड आहे, आणि तशा पृष्ठभागावरही जिवाणू मरतात. रोज आरशासारखं लखलखीत करायची गरज नाही. हिरवट-निळसर डाग दिसले तर मात्र ते काढलेच पाहिजेत. ते तांब्याचे क्षार आहेत आणि पाण्यात सुटू शकतात. पांढरा खरखरीत थर दिसला तर तो पाण्यातल्या क्षारांचा. तो जाड झाला की खालचं तांबं झाकलं जातं आणि भांडं फक्त नावापुरतं तांब्याचं उरतं.

चिंच किंवा लिंबू-मीठ उत्तम. आतून चोळा, दोन मिनिटांत धुऊन टाका. तांबं उघडं करण्याचं काम आम्लच करतं, म्हणून आंबट आत राहिलं तर पुढच्या पाण्यात तांबं जास्त उतरतं. घासल्यावर तीनदा स्वच्छ पाण्याने विसळा, आणि पहिलं भरलेलं पाणी तासाभराने झाडांना घाला. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचे ठोके देऊन घडवलेलं मठारकामाचं भांडं असेल तर त्या खळग्यांत चिंचेचा गर अडकतो, तिथे ब्रश फिरवा. नव्या भांड्याला चमक टिकावी म्हणून बाहेरून लाखेसारखा पारदर्शक लेप दिलेला असू शकतो. तो आतूनही असेल तर तांबं पाण्याला लागतच नाही.

## काकूंच्या घरी काय ठरलं

नळाचं पाणी संध्याकाळी खळखळून उकळायचं आणि झाकून गार करायचं. त्यातलं मोठ्या माणसांना सकाळी लागेल तेवढंच, तीन-चार लिटर, कळशीत भरायचं. दुपारपर्यंत उरलं तर तुळशीला. बाकीचं सगळं पाणी तोटीच्या स्टीलच्या पिंपात. मुलीच्या सात महिन्यांच्या बाळाचं पाणी आणि दूध फक्त स्टीलमध्ये. शाळेच्या आणि ऑफिसच्या बाटल्या स्टीलच्या, कारण त्यांत कधी सरबत जाणार, कधी ताक, आणि त्या उन्हात तापणार. घर बंद करून गावाला जाताना कळशी रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवायची. आल्यावर आत पाणी राहिलेलं सापडलं तर ते ओतून द्यायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

मुलीची शंका तरीही पूर्ण गेली नव्हती. आपल्याच कळशीत आपलंच पाणी किती तांबं उचलतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोन नमुने द्यावे लागतात, एक देऊन भागत नाही. पहिला नमुना उकळून गार केलेल्या पाण्याचा, कळशीत ओतण्याआधीचा. दुसरा तेच पाणी कळशीत रात्रभर ठेवून सकाळी न ढवळता काढलेला. दोन्ही प्रयोगशाळेनेच दिलेल्या बाटल्यांत भरायचे, आणि ‘तांबं, मिलिग्रॅम प्रति लिटर’ एवढीच चाचणी मागायची. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमच्या कळशीने दिलेलं तांबं. दुसरा आकडा एकच्या पुढे गेला तर ती कळशी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका. नुसता दुसराच नमुना दिला असता तर ते तांबं कळशीचं की आधीच पाण्यात असलेलं, हे कळलं नसतं.